खो कुणाला मिळतो ते आधी मोजा

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. चौदा वर्षांखालील मुलांचा खो-खो संघ बांधतोय. आठवीतली तीन-चार मुलं सहावीतल्या दोघांना सतत टोचून बोलतात, पाण्याच्या बाटल्या भरायला लावतात, खेळताना मुद्दाम खो देत नाहीत. जूनमध्ये नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पण फरक नाही. त्यात एका पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की सरांची मर्जी ठरावीक मुलांवरच आहे. काय करू?

सर, तुम्ही या दोन वेगळ्या तक्रारी धरल्यात. मी मुलींचे शालेय संघ बरीच वर्षं घडवतेय आणि माझा अनुभव असा की या दोन्ही बहुतेक वेळा एकाच मुळातून येतात. संघात कुणाची किंमत किती, हे मुलं आपल्याकडे बघून ठरवतात. ज्याला सर कधी नावाने हाक मारत नाहीत, ज्याची चूक सुधारायच्या फंदात सर पडत नाहीत, जो नेहमी शेवटच्या तुकडीत असतो, त्याला चिमटा काढला तर काही होणार नाही हे आठवीतल्या पोराला बरोबर कळतं. म्हणून माझा क्रम तुमच्या उलट आहे. आधी प्रशिक्षकाचं वागणं, मग मुलांचा करार.

एक गोष्ट आधीच सांगते. पुढचं सगळं टोचणं, वगळणं, हमालीची कामं लादणं, चिडवणं अशा त्रासाला लागू आहे. मारहाण, पैसे उकळणं, जातीवरून शिव्या किंवा कपडे काढायला लावण्यासारखा प्रकार असेल तर तिथे संघाचा करार वगैरे काही नाही, ती गोष्ट त्याच दिवशी लेखी मुख्याध्यापकांकडे जायला हवी. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आधी आपण आपल्यात चौकशी करू' ही सोय कायद्यात नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आणि शाळेतल्या सखी सावित्री समितीतल्या एखाद्या बाईंचं नाव संघातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. तक्रार खुद्द आपल्याविरुद्ध असेल तर मुलाला जायला दुसरं दार पाहिजे.

आता खो-खोबद्दल. या खेळात वगळणं फार सफाईने करता येतं. कबड्डीत एखाद्याला चढाईच द्यायची नाही असं ठरवलं तर ते सगळ्यांना दिसतं. खो-खोत आठ जण चौकोनांत बसलेले, नववा पाठलाग करतोय, आणि खो कुणाला द्यायचा हे त्या नवव्याच्या हातात, अर्ध्या क्षणात. त्याने सहावीतल्या पोराला ओलांडून पुढच्याला खो दिला तर 'सर, पळणारा तिकडे होता' हे उत्तर तयारच असतं. यापेक्षा वाईट म्हणजे उशिराचा खो. पळणारा हातातून निसटल्यावर खो द्यायचा, म्हणजे उठणारा पोरगा कितीही धावला तरी गडी बाद होत नाही आणि बोलणी त्यालाच बसतात. तिसरा प्रकार मी स्वतः पाहिलाय: पाठीला हात न लावता नुसतं 'खो' ओरडायचं. नवीन पोर घाबरून उठतं, फाउल होतो, सगळे हसतात. नियमाप्रमाणे स्पर्श आणि 'खो' दोन्ही लागतात, पण सरावात शिट्टी कोण वाजवतं?

म्हणून माझं पहिलं काम मोजण्याचं असतं. सरावात बाहेर बसलेल्या एका मुलाच्या हातात वही द्यायची. आठ चौकोनांना आठ रकाने. पाठलागाची दहा मिनिटं चालू असताना प्रत्येक चौकोनात किती खो गेले त्याच्या रेघा मारायच्या. त्यातले उशिराचे वाटले त्यावर गोल. कुणी कुणाला दिला हे त्याला लिहायला लावू नका, नाहीतर ते पोरही दबावाखाली येईल.

इथे घाई करू नका. खो मुळातच समान वाटले जात नाहीत. पळणारा साखळी खेळत असेल तर खो रांगेने सरकत जातो आणि जवळजवळ प्रत्येकाला मिळतो. तो एका बाजूला गोल फिरत राहिला तर तीन-चार चौकोनांतच खेळ होतो आणि बाकीचे नुसते बसून राहतात. खांबाजवळच्या चौकोनाचा हिशोब आणखी वेगळा. त्यामुळे एका दिवसाचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. दर दहा मिनिटांनी जागा फिरवा, तीन-चार सराव असंच करा, आणि मग एकाच चौकोनात वेगवेगळी मुलं बसली असताना काय झालं ते ताडून पाहा. चौथ्या चौकोनात आठवीतला बसला की सात-आठ खो आणि सहावीतला बसला की एक किंवा दोन, त्यातही गोल केलेले, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर मग तो योगायोग नाही.

या वहीचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. मुलांना काही न सांगता नुसती वही दिसायला लागली की बारीकसारीक खोड्या तिथेच कमी होतात. पण त्यावर विसंबू नका, वही गेली की त्या परत येतात.

दुसरी वही आपल्यासाठी. एखाद्या सहकारी शिक्षकाला वीस मिनिटं मैदानाच्या कडेला बसवा. गणिताचे सर चालतील, खो-खो कळायची गरज नाही. मुलांची नावं उभी लिहायची आणि चार रकाने: नावाने हाक मारली, काय करायचं ते सांगितलं, शाबासकी दिली, रागावले. प्रत्येक वेळी रेघ. आपल्याला वाटतं की आपण सगळ्यांशी सारखंच वागतो. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचं असंच मैदानावर बसून निरीक्षण केलं होतं. प्रशिक्षक स्वतःच्या वागण्याबद्दल जे सांगत ते निरीक्षकांच्या नोंदींशी फारसं जुळत नव्हतं, मुलं सांगत ते जास्त जुळत होतं. तेव्हा त्या पालकाची तक्रार पहिल्या फटक्यात उडवून लावू नका. त्याच्या मुलाने घरी जे सांगितलं ते कदाचित आपल्या आठवणीपेक्षा खरं असेल.

या वहीत काय शोधायचं? रागावणं कुणाच्या वाट्याला जास्त, हे सगळे बघतात. मी दुसरा रकाना बघते, म्हणजे 'काय करायचं ते सांगितलं' हा. बहुतेक प्रशिक्षक आवडत्या खेळाडूला बरंच रागावतातही, पण रागावताना त्याला शिकवतात: 'खांद्याची दिशा आधी दाखवलीस, म्हणून तो सुटला.' नावडत्याला किंवा कच्च्या मुलाला नुसतं 'हं, बस' मिळतं. तोंडावर गोडच बोलतो आपण त्याच्याशी, पण शिकवत नाही. महिन्याभराने आवडता सुधारलेला असतो आणि कच्चा तिथेच असतो, आणि मग आपण म्हणतो, 'बघा, गुणवत्ता दिसतेच.' वयाचाही यात हात असतो. शालेय वयोगट जानेवारी ते डिसेंबर धरले जातात, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं पोर आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं पोर एकाच गटात येतात. बारा-तेरा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक उंचीत आणि दमात सहज दिसतो, आणि आपण त्यालाच गुणवत्ता समजतो.

ही वही हातात आल्यावर बदलायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या रोज करायच्या आहेत.

पहिली, नावं. सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारा. आपल्याकडे मुलांना आडनावाने हाक मारायची सवय आहे, आणि आडनावावरून जात कळते हे सहावीतल्या पोरालाही ठाऊक असतं. 'पाटील' म्हणताना आवाज एक आणि दुसऱ्या आडनावाला दुसरा, असं आपल्या नकळत होतं. टोपणनाव तर आपण कधीच ठेवायचं नाही. सरांनी गमतीने 'गोगलगाय' म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून सगळा संघ तेच म्हणतो, आणि विचारलं तर उत्तर मिळतं, 'सरच म्हणतात.'

दुसरी, तुकड्या. संरक्षणाला तीन-तीनच्या तुकड्या उतरतात. पहिल्या दोन तुकड्यांनी वेळ खाल्ला की तिसरी मैदानात उतरतच नाही. सामन्यात ते ठीक आहे, तिथे तुम्ही तुमचे भक्कम पळणारे आधी उतरवणारच. पण सरावातही पहिली तुकडी कायम तीच असेल तर शेवटच्या तिघांना महिन्यात पळायलाच मिळत नाही. मी हजेरीपटावर तारखेसमोर तुकडीचा क्रमांक लिहिते: आज पहिली, उद्या दुसरी, परवा तिसरी सुरुवात करणार. आणि सरावात प्रत्येक तुकडीचा वेळ ठरवून देते, बाद झाली तरी वेळ संपेपर्यंत पुन्हा उतरवते. हा क्रम कुणासाठीही मोडायचा नाही, संस्थाचालकांच्या नातवासाठीही नाही आणि जिल्ह्याला खेळून आलेल्यासाठीही नाही.

तिसरी, कामं. फक्की मारणं, खांबाभोवतीची माती सारखी करणं, किटची पिशवी उचलणं, बाटल्या भरणं. याचा तक्ता भिंतीवर लागला पाहिजे आणि त्यात कर्णधाराचं नाव इतरांइतक्याच वेळा आलं पाहिजे. सहावीतली पोरं बाटल्या भरतात ते आठवीतल्यांच्या धाकाने, हे खरं. पण ती सगळी दीड महिना बाटल्या भरत होती आणि कुणी विचारलं नाही, म्हणजे ती पद्धतच झाली होती. कर्णधाराला शिक्षा द्यायचा अधिकारही नसावा. 'जा, दोन राऊंड मार' हे एका मुलाने दुसऱ्याला सांगायचंच नाही.

चौथी, निवड. स्पर्धेच्या यादीवरूनच सगळं पेटतं, कारण यादीत नाव म्हणजे नुसता खेळ नाही, पुढे दहावीत सवलतीच्या गुणांची आशाही असते. निकष किमान दोन आठवडे आधी फलकावर लावा आणि ते मोजता येतील असे ठेवा: हजेरी, ठरावीक सरावांत मिनिटांत मोजलेलं संरक्षण, बाद केलेले गडी, आणि शेवटी 'प्रशिक्षकाचं मत' असा एक रकाना, त्याला किती गुण ते लिहून. हो, आपलं मत असणारच, ते लपवू नका. पण ते शंभरातले वीस आहे की ऐंशी, हे मुलांना आधी माहीत असलं पाहिजे. ज्याचं नाव यादीत नाही त्याला फलकावर लावण्याआधी बाजूला घेऊन सांगा, कारणासकट. पालक आले तर हीच वही समोर ठेवायची. मी पालकांशी 'माझं सगळ्यांवर सारखंच लक्ष असतं' असलं काही बोलत नाही. वही उघडते आणि तुकड्यांचा क्रम दाखवते.

हे सगळं दोन-तीन आठवडे चालल्यावरच मी कराराला हात घालते. जूनमधला तुमचा करार मी पाहिलेला नाही, पण असे करार मी भरपूर पाहिलेत आणि त्यात बहुधा 'एकमेकांचा आदर करू', 'खिलाडूवृत्ती ठेवू' अशी वाक्यं असतात. यावर सही करायला कुणालाच अडचण नसते. जो मुलगा त्रास देतोय त्यालाही वाटतं की तो गंमत करतोय, आदर तर आहेच. वाक्य असं हवं की मोडलं तर कडेला उभ्या असलेल्या गणिताच्या सरांनाही दिसलं पाहिजे.

माझी पद्धत साधी आहे. एक तास घ्या, मैदानावर नको, वर्गात. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी: 'या संघात कुणाशी काय झालेलं तुम्ही पाहिलंत? नाव लिहू नका, काय झालं तेवढं लिहा.' स्वतःशी झालेलं लिहा असं म्हणायचं नाही, मग कुणी लिहीत नाही. चिठ्ठ्या तुम्ही घरी नेऊन वाचा, वर्गात मोठ्याने वाचू नका, कारण अक्षर ओळखतात. दुसऱ्या दिवशी त्यातले प्रकार फळ्यावर तुमच्या शब्दांत लिहा आणि आठवी-सातवी-सहावीची मिसळ करून तिघातिघांना वाक्यं बनवायला द्या. सहापेक्षा जास्त ठेवू नका. एका संघाचा करार शेवटी असा झाला होता:

हात लागल्याशिवाय 'खो' म्हणायचं नाही, सरावातही नाही.
चूक झाली तर सूचना फक्त बाई देतील. बाकीच्यांनी 'पुढचा!' एवढंच म्हणायचं.
कामं तक्त्याप्रमाणे. आपलं काम दुसऱ्याला सांगायचं नाही, पैसे किंवा खाऊ देऊनही नाही.
जिला जे नाव आवडतं त्याच नावाने हाक.
एसटीत आणि मुक्कामी बसायची-झोपायची जागा बाई ठरवतील.
कुणाला त्रास होताना दिसला तर बाईंना सांगणं ही चुगली नाही. सांगणाऱ्याचं नाव बाई कधीच सांगणार नाहीत.

त्याखाली रेघ मारून माझी दोन वाक्यं होती: निवडीचे निकष दोन आठवडे आधी लावीन, आणि हे नियम स्पर्धेच्या आठवड्यातही तेच राहतील. मुलींनी आधी माझी सही घेतली, मग स्वतः केल्या.

मुलींच्या करारातलं 'पुढचा!'चं वाक्य किरकोळ वाटेल, पण संघाचा सूर त्याने सर्वांत जास्त बदलतो. खो-खोत गडी सुटला की आठही जण एकदम ओरडतात. त्या ओरडण्यात सूचना किती आणि टोमणे किती, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. तोंडात एकच शब्द दिला की टोमण्याला जागा राहत नाही, आणि कुणी वेगळं बोललं तर ते लगेच ऐकू येतं. मुक्कामाचं वाक्यही तसंच. मैदानावर आपण असतो. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून झोपताना, न्हाणीघराच्या रांगेत, धुणं धुताना आपण नसतो, आणि सगळ्यात वाईट प्रकार तिथेच होतात. ज्येष्ठांच्या मोज्यांपासून कपड्यांपर्यंत सगळं सहावीतली पोरं धुतात, अशा संघांसोबत मी एकाच हॉलमध्ये राहिलेय.

आता करार मोडल्यावर काय, हे. तुमच्या सह्या वाया गेल्या त्या बहुधा इथे. मोडल्यावर काय होणार ते लिहिलेलं नव्हतं, किंवा लिहिलेलं होतं आणि चांगल्या खेळाडूला लागू झालं नाही. माझ्याकडे तीन पायऱ्या असतात. पहिल्या वेळी तिथल्या तिथे शिट्टी, तोच भाग त्याच जोडीदाराबरोबर नीट पुन्हा, आणि सराव संपल्यावर एकट्याशी दोन मिनिटं बोलणं. दुसऱ्या वेळी पुढच्या सरावात खेळायचं नाही, खो मोजायची वही घ्यायची. तिसऱ्या वेळी पुढच्या सामन्यात सुरुवातीच्या नऊमध्ये नाव नाही, आणि पालकांना लेखी कळवणं. उठाबशा, राऊंड, उन्हात उभं करणं हे यात कुठेच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. आणि दुसरं असं की पळण्याची शिक्षा दिली की पळणंच शिक्षा होऊन बसतं, आपल्या खेळात ते कसं परवडणार?

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. एकाच्या वागण्यासाठी सगळ्या संघाला शिक्षा करू नका, रात्री सगळा संघ ज्याने सांगितलं त्याच्यावर उलटतो. आणि दोघांना समोरासमोर उभं करून 'हात मिळवा, झालं गेलं विसरा' करू नका. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर ते चालतं. इथे बरोबरी नाही. नॉर्वेच्या डॅन ओल्वेउस यांनी मुलांमधल्या छळाची जी व्याख्या रूढ केली, तिच्यात ताकदीची असमानता आणि पुन्हा पुन्हा होणं हे दोन्ही आहे. ज्याला रोज त्रास होतो त्याला आठवीतल्या चौघांसमोर विचारलंत तर तो 'काही नाही सर, गंमत होती' असंच म्हणणार. आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, मग त्या चौघांशी एकेकट्याने, त्याच दिवशी, एकमेकांशी बोलायला वेळ न देता. चौघांत पुढाकार घेणारा एखादाच असतो, बाकीचे त्याच्या मागे हसत असतात. एकेकटे आले की त्यांची भाषा बदलते.

एक उदाहरण तपशिलात सांगते. सतरा वर्षांखालील मुलींचा संघ होता. त्यातली एक दहावीची मुलगी खांबावर फार सुंदर खेळायची, तालुक्यात तिच्या तोडीची नव्हती. आश्रमशाळेतून आलेली एक नवी मुलगी पळायला जबरदस्त होती, पण बोलायला लाजायची आणि तिच्या बोलीवरून तिची नक्कल व्हायची. पाठलागात नव्या मुलीला बहुतेक उशिराचेच खो मिळत होते, वहीत ते स्वच्छ दिसत होतं. करार झाला. दोन आठवड्यांत खांबाच्या मुलीकडून तो दोनदा मोडला गेला, दुसऱ्यांदा तिने एक दिवस वही घेतली. मग तालुका स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी एसटीत पुन्हा नक्कल झाली, आणि मागच्या बाकावर बसलेल्या शिक्षिकेने ती ऐकली. तिसरी पायरी.

सकाळी सुरुवातीच्या नऊमध्ये तिचं नाव नव्हतं. संघातल्या मुलींनी मला विनंती केली, त्यात नक्कल ज्या मुलीची झाली तीही होती. तिला मी बाजूला घेऊन सांगितलं की हा निर्णय तिच्यावर नाही, करारावर आहे, तिने काही सांगितलंही नव्हतं, म्हणून तिने त्याचं ओझं घ्यायचं नाही. खांबाच्या मुलीला राखीव म्हणून उत्तरार्धात उतरवलं, कारण लिहिलेलं होतं ते 'सुरुवातीच्या नऊमध्ये नाही' एवढंच, सामनाभर बाहेर असं नव्हतं. रागाच्या भरात लिहिल्यापेक्षा जास्त शिक्षा करायची नाही, हेही सातत्यच. आम्ही तो सामना एका गुणाने हरलो. वडील मैदानावरच आले आणि तावातावाने बोलले, शाळेतही थोडी बोलणी झाली. मुख्याध्यापकांची करारावर आधीच सही होती म्हणून ते निभावलं. तुम्हीही ती सही आधी घ्या, नंतर कुणी देत नाही.

पुढच्या महिन्यात त्या संघात काय झालं म्हणाल तर नक्कल थांबली. मैत्री वगैरे झाली नाही, आणि ती व्हावी असं माझं उद्दिष्टही नव्हतं. पण उशिराच्या खोंवरचे गोल जवळजवळ नाहीसे झाले आणि नवी मुलगी पाठलागात मधल्या चौकोनात बसायला लागली. आधी ती स्वतःहून कडेचा चौकोन धरायची. ही खूण लक्षात ठेवा. त्रास होणारं मूल तक्रार करत नाही, ते कडेला सरकतं. वॉर्म-अप संपेल अशा बेताने उशिरा येतं, कारण वॉर्म-अपमध्ये जोड्या करायच्या असतात. सरावाच्याच दिवशी पोटात दुखतं. बाटली घरूनच भरून आणतं आणि नळाकडे जातच नाही.

उलट दिशेची एक खूणही सांगते, नाहीतर तुम्ही घाबराल. करार नीट लागू झाला की पहिल्या तीन-चार आठवड्यांत तक्रारी वाढतात. संघ बिघडला म्हणून नाही, सांगून काही होतं हे कळलं म्हणून. त्यात काही क्षुल्लक असतील, काही सूड म्हणूनही येतील. प्रत्येकीची नोंद घ्या, पण पायरी फक्त तेव्हाच लावा जेव्हा आपण किंवा दुसऱ्या मोठ्या माणसाने पाहिलं-ऐकलं असेल, किंवा दोघांनी एकमेकांशी न बोलता तेच सांगितलं असेल. बाकी ठिकाणी नजर वाढवायची. आणि दर तीन आठवड्यांनी पुन्हा कोरी चिठ्ठी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. चाळीस मुलं आणि तुम्ही एकटे असाल तर खो मोजायची वही आठवड्यातून एकदाच ठेवा, पण तक्ता आणि तुकड्यांचा क्रम मात्र रोज पाळा. ही मुलं वसतिगृहात एकत्र राहत असतील तर मैदानावरचा करार अर्धाच चालेल, अधीक्षकांना बरोबर घ्यावंच लागेल. संस्थेकडून निवडीत दबाव असेल तर निकषांचा कागद मुख्याध्यापकांच्या सहीने लावा, मग फोन तुम्हाला येण्याऐवजी त्यांना येईल. आणि तुमच्या वहीत उलटंच दिसलं, म्हणजे तुमचं वागणं खरोखर समान निघालं, तर त्रास मैदानाबाहेरून येतोय, वर्गातून किंवा वस्तीतून. मग वर्गशिक्षकांना घ्या, कारण एकट्या क्रीडाशिक्षकाने ते सुटत नाही.

तुमच्या चौदा वर्षांखालच्या संघासाठी मी उद्याच दोन कामं करीन. फक्की, खांब आणि बाटल्यांचा तक्ता लावीन आणि पहिल्या दिवशी बाटल्यांपुढे कर्णधाराचं नाव लिहीन. दुसरं, जूनमधला कागद भिंतीवरून काढीन, मुलांना सांगून, की हा आपण परत एकत्र बसून करणार आहोत, आणि या वेळी त्यात सरांचीही दोन वाक्यं असतील. त्या पालकांना मात्र आज फोन करू नका. दोन आठवडे वह्या भरा, मग मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांना बोलवा आणि वह्या उघडून समोर ठेवा, त्यात तुमच्याविरुद्ध काही दिसत असेल तरी.